भाव आजचा, कर्ज सप्टेंबरचं

पी/ई १५ पेक्षा कमी आणि कर्ज भागभांडवलाच्या निम्म्याहून कमी. शेअर निवडताना एवढ्या दोन अटी घातल्या, तरी बाजारातल्या हजारो कंपन्यांतून दीडदोनशे नावांची यादी हाती येते. ही यादी आयती देणारी संकेतस्थळं आहेत. थोडंफार पायथॉन येणारे लोक ती घरच्या संगणकावर स्वतः बनवतात: ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्राम कंपन्यांचे ताजे आकडे ओढून आणतो, गुणोत्तरं काढतो आणि यादी समोर ठेवतो. अशी यादी मी बरीच वर्षं वापरतो आहे. ती वापरणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं. यादीतल्या एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले आकडे एकाच दिवसाचे नसतात. शेअरचा भाव कालचा असतो, नफा गेल्या चार तिमाह्यांचा असतो, आणि कर्जाचा आकडा पाच-सहा महिने जुना असू शकतो.

हे असं का होतं, ते सेबीच्या नियमांत आहे. नोंदणीकृत कंपन्यांनी काय आणि केव्हा जाहीर करायचं हे २०१५ च्या नियमावलीत ठरवून दिलेलं आहे. जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या तिमाह्यांचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्यायचे, आणि मार्चअखेरचे, म्हणजे पूर्ण वर्षाचे लेखापरीक्षित निकाल ६० दिवसांत. म्हणून १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे या तारखांच्या आधीचे दहा दिवस म्हणजे निकालांची झुंबड. मोठ्या कंपन्यांपैकी अनेक त्याआधीच मोकळ्या होतात. लहान कंपन्यांपैकी अनेकींचे निकाल शेवटच्या दिवशी रात्री उशिरा येतात.

नियमाचा दुसरा भाग फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक तिमाहीत नफा-तोटा जाहीर करावा लागतो, पण मालमत्ता आणि देणी यांचं पत्रक, म्हणजे ज्यात कर्ज दिसतं तो ताळेबंद, वर्षातून दोनदाच सक्तीचा आहे: सप्टेंबरअखेरचा आणि मार्चअखेरचा. जून आणि डिसेंबरच्या निकालांत बहुतेक कंपन्या ताळेबंद देत नाहीत. त्यामुळे ‘तिमाही गुणोत्तर’ म्हणून दिसणारं कर्जाचं प्रमाण खरं तर सहामाही असतं. मेच्या मध्यावर तुम्ही यादी काढलीत आणि कंपनीचा मार्चचा निकाल अजून आलेला नसला, तर समोर दिसतं ते ३० सप्टेंबरचं कर्ज. ते साडेसात महिन्यांपूर्वीचं असतं.

आता प्रोग्रामच्या वेळापत्रकाकडे. लिनक्सवर ठरल्या वेळी काम करून घेणाऱ्या व्यवस्थेला क्रॉन म्हणतात आणि तिला एका ओळीत सूचना देता येते. मी पुढची ओळ सुचवेन:

```
30 0 * * * python3 /home/me/screen.py
```

पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा तासांचा, आणि पुढच्या तीन चांदण्यांचा अर्थ रोज. रात्री साडेबारा ही वेळ विचित्र वाटेल, पण भाड्याने घेतलेल्या बहुतेक सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं, आणि तिथले साडेबारा म्हणजे आपल्याकडचे सकाळचे सहा. रात्री उशिरा आलेले निकाल तोवर शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर चढलेले असतात आणि सव्वानऊला बाजार उघडायला अवकाश असतो. प्रोग्राम घरच्या संगणकावर चालवत असाल, तर हाच आकडा `0 6` असा लिहावा लागेल. ही तफावत विसरली तर प्रोग्राम चालतो, चूक कुठेच दिसत नाही, फक्त तो दुपारी बाराच्या सुमारास भलत्याच भावांवर चालतो किंवा निकाल येण्याआधीच चालून मोकळा होतो.

‘बाजार सोमवार ते शुक्रवार, मग प्रोग्रामही तेवढेच दिवस’ असं ठरवण्याचा मोह होतो. तसं करू नये, कारण कित्येक कंपन्या, विशेषतः मोठ्या खासगी बँका, निकाल शनिवारी जाहीर करतात. शनिवार आणि रविवार गाळले की शनिवारचा निकाल आपल्याकडे सोमवारी पहाटे येतो. त्यातून सोमवारची धाव काही कारणाने फसली, तर मंगळवारपर्यंत आपण जुन्या नफ्यावर नवा भाव भागत बसतो. रोज चालवायला काही खर्च येत नाही. फक्त रोज सगळ्या कंपन्यांचं सगळं ओढू नये. आधी नव्या घोषणांची यादी पाहावी, ज्यांचा निकाल नवा आहे त्यांचेच आकडे आणावेत, आणि बाकीच्यांचा फक्त भाव बदलावा. ज्याच्याकडून माहिती घेतो त्याच्या यंत्रावर त्यामुळे ताण पडत नाही आणि आपल्यालाही अडवलं जात नाही.

आणलेला आकडा साठवायचा कसा, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. नवा आकडा आला की जुना पुसून टाकायचा, ही सोपी रीत. मी तिच्या विरोधात आहे. प्रत्येक निकालाची वेगळी ओळ लिहावी आणि त्या ओळीत नफ्याच्या आकड्याबरोबर तारखाही असाव्यात: आकडा कोणत्या तिमाहीअखेरचा, निकाल कधी जाहीर झाला, आपण तो कधी आणला, आणि कर्ज ज्या ताळेबंदातून घेतलं तो कोणत्या तारखेचा. आकडे एकट्या कंपनीचे आहेत की उपकंपन्यांसह एकत्रित, तेही लिहून ठेवावं. या शेवटच्या नोंदीचं महत्त्व पटायला निफ्टीचंच उदाहरण पुरे. ३० मार्च २०२१ पर्यंत राष्ट्रीय शेअर बाजार निफ्टीचा पी/ई एकट्या कंपन्यांच्या नफ्यावर काढत असे. त्यानंतर तो एकत्रित नफ्यावर काढू लागला. निर्देशांक होता तिथेच होता, पण पी/ई सुमारे ४० वरून सुमारे ३३ वर आला. घरच्या यादीत निम्म्या कंपन्यांचे आकडे एका प्रकारचे आणि निम्म्यांचे दुसऱ्या प्रकारचे मिसळले, तर असाच घोळ होतो, फक्त तिथे तो कुणी जाहीर करत नाही.

पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रत्येक शेअरमागचा नफा. निकालाच्या कागदावर हा नफा ईपीएस या नावाने छापलेला असतो आणि तिमाहीच्या रकान्यात बहुधा ‘वार्षिक केलेला नाही’ अशी तळटीप असते. ती वाचायची राहिली आणि भावाला एका तिमाहीच्या ईपीएसने भागलं, तर पी/ई चौपट येतो आणि यादी जवळजवळ रिकामी होते. ही चूक निदान लगेच कळते. एका तिमाहीला चाराने गुणणं अधिक फसवं आहे, कारण येणारा आकडा पटण्यासारखा असतो. फटाके, पंखे, साखर, खतं यांच्या धंद्याला हंगाम असतो आणि एका तिमाहीवरून वर्ष ठरवता येत नाही. म्हणून रीत अशी आहे की जाहीर झालेल्या शेवटच्या चार तिमाह्यांची बेरीज घ्यायची.

```python
last4 = eps.sort_values("quarter_end").tail(4)
ttm = last4["eps"].sum()
```

या दोन ओळी निर्दोष दिसतात. पण त्या चार तिमाह्यांत काय काय येऊन बसतं हे आयटीसीच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसतं. ते जरा सविस्तर पाहू.

आयटीसीने आपला हॉटेलांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीत काढला आणि ही विभागणी १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. भागधारकांना दिलेल्या या व्यवसायाची वाजवी किंमत पुस्तकी किमतीहून पुष्कळ जास्त होती, आणि हिशेबाच्या नियमांप्रमाणे तो फरक नफा म्हणून दाखवावा लागतो. त्यामुळे मे २०२५ मध्ये आलेल्या मार्च तिमाहीच्या निकालात एकत्रित निव्वळ नफा सुमारे १९,८०० कोटी रुपये दिसला. त्यातले सुमारे १५,२०० कोटी या विभागणीच्या नोंदीचे होते, आणि ही रक्कम रोखीने कुठूनही आलेली नव्हती. कंपनीचा एरवीचा तिमाही नफा ५,००० कोटींच्या आसपास असतो.

आता यादीचं गणित करू. चार तिमाह्यांची बेरीज सुमारे ३५,००० कोटी. शेअर सुमारे १,२५१ कोटी. म्हणजे शेअरमागे २८ रुपये. भाव ४१० धरला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यानंतर तो बराच काळ त्याच्या आगेमागे होता, तर पी/ई १४.६ येतो. कंपनीवर कर्ज जवळजवळ नाही. दोन्ही अटी पूर्ण! विभागणीची नोंद वगळली, तर वर्षाचा नफा सुमारे २०,००० कोटी, शेअरमागे १६ रुपये, आणि पी/ई २५.६. पंधराच्या अटीत हा शेअर कुठेच बसत नाही. आणि गोष्ट एका दिवसाची नाही. मार्च २०२५ ची तिमाही शेवटच्या चारांतून बाहेर पडायला मार्च २०२६ चा निकाल यावा लागतो, म्हणजे जवळजवळ वर्षभर हा शेअर रोज सकाळी स्वस्तांच्या यादीत हजर.

यावर उपाय निकालाच्या कागदावरच आहे. असा प्रसंग असेल तेव्हा ईपीएस तीन ओळींत छापतात: चालू राहिलेल्या व्यवसायाचा, बंद किंवा वेगळ्या झालेल्या व्यवसायाचा, आणि दोहोंचा मिळून. प्रोग्राम बहुधा शेवटची ओळ उचलतो, कारण तीच प्रत्येक कंपनीकडे असते. पहिली ओळ उपलब्ध असेल तर ती घ्यायला सांगावी. जमीन विकून झालेला नफा किंवा उपकंपनीतला हिस्सा विकून झालेला नफा मात्र चालू व्यवसायातच ‘अपवादात्मक बाब’ म्हणून येतो. तो वेगळा रकाना करून ठेवावा आणि करपूर्व नफ्याच्या दहा टक्क्यांहून मोठा असेल तर त्या नावापुढे खूण करावी. दहा टक्के हा माझा अंदाज आहे, नियम नाही. याहून सोपी एक तपासणी अशी की चारांपैकी एका तिमाहीचा नफा उरलेल्या तिघींच्या बेरजेहून मोठा असेल, तर ती कंपनी आपोआप बाजूला काढायची आणि माणसाने तिचा निकाल वाचायचा. आयटीसी या जाळ्यात पहिल्याच दिवशी सापडते.

पंधराचा आकडा ज्या बेंजामिन ग्रॅहमकडून सगळ्यांनी घेतला, त्याने तो चार तिमाह्यांच्या नफ्यावर लावलेलाच नव्हता. ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’च्या १९७३ च्या आवृत्तीत सावध गुंतवणूकदारासाठी जी कसोटी आहे, तिच्यात भाव गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पंधरापटीहून जास्त नसावा असं म्हटलं आहे. तीन वर्षांच्या सरासरीत एखादी असाधारण तिमाही बरीच विरघळते. आपण पंधराचा आकडा घेतला आणि तीन वर्षं सोडून दिली. तिमाही आकडे रोज आयते मिळू लागल्याने ते घडलं असावं. माझ्या मते यादीत दोन्ही पी/ई शेजारी शेजारी असावेत. त्यांच्यात मोठं अंतर दिसलं की निकाल उघडून वाचायला कारण मिळतं.

दुसरा घोटाळा भावाच्या बाजूने होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने एकास एक बोनस दिला. शुक्रवारी, २५ तारखेला, भाव २,६५० च्या आसपास बंद झाला आणि सोमवारी, २८ तारखेला, बोनसविना व्यवहार सुरू झाले तेव्हा तो १,३३० च्या आसपास होता. शेअर दुप्पट झाले, भाव निम्मा झाला, कुणाचं काही गेलं नाही. पण आपल्या तक्त्यातले चारही तिमाह्यांचे ईपीएस जुन्या शेअरसंख्येवरचे होते आणि त्यांची बेरीज साधारण १०० रुपये होती. शुक्रवारचा पी/ई २६.५ आणि सोमवारचा १३.३. स्वस्त शेअर शोधणारी यादी त्या सकाळी देशातली सगळ्यात मोठी खासगी कंपनी पहिल्यांदाच पुढे करणार, आणि कारण काय, तर एक भागाकार.

कंपन्या पुढच्या निकालात जुने आकडे नव्या शेअरसंख्येवर आणून छापतात, म्हणून चूक आपोआप सुटेल असं वाटतं. ती अर्धीच सुटते. तिमाही निकालात ही तिमाही, आधीची तिमाही आणि गेल्या वर्षीची हीच तिमाही एवढेच तिमाही रकाने असतात. डिसेंबरचा निकाल आला की डिसेंबर आणि सप्टेंबरचे सुधारलेले ईपीएस मिळतात. जून आणि मार्चचे त्यात नसतातच. मग बेरजेत दोन नवे आणि दोन जुने ईपीएस येतात आणि पी/ई ना धड शुक्रवारचा, ना धड सोमवारचा. म्हणून मी ईपीएस साठवण्याऐवजी मालकांच्या वाट्याचा निव्वळ नफा कोटींत साठवतो आणि कंपनीच्या एकूण बाजारमूल्याला त्याने भागतो. बोनसने आणि शेअरच्या विभाजनाने नफ्याचे कोटी बदलत नाहीत, बाजारमूल्यही बदलत नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: बाजारमूल्य काढताना शेअरसंख्या ताजी हवी. बोनसच्या दिवशी भाव नवा आणि शेअरसंख्या जुनी राहिली, तर तीच चूक दुसऱ्या दाराने परत येते.

आता कर्जाकडे वळू. इथे तारखेचा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो, आणि तो समजायला महाराष्ट्रात साखर कारखान्याइतकं चांगलं उदाहरण नाही. आपले सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीत, पण देशात नोंदणीकृत खासगी साखर कंपन्या बऱ्याच आहेत आणि धंद्याचं चक्र सगळ्यांचं एकच. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. उसाचे पैसे शेतकऱ्याला नियमाप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत द्यायचे असतात. साखर मात्र वर्षभर, महिन्याला ठरलेल्या कोट्यानुसार विकली जाते. मधली तफावत बँक भरून काढते, गोदामातल्या साखरेच्या तारणावर. म्हणून मार्चअखेर गोदामं भरलेली असतात आणि मालतारण कर्ज शिगेला पोहोचलेलं असतं. सप्टेंबरअखेर साखर विकून झालेली असते आणि ते कर्ज बरंचसं फिटलेलं असतं. ताळेबंदाच्या दोन सक्तीच्या तारखाही नेमक्या याच.

समजा, एका कारखान्याचं नक्त मूल्य १,००० कोटी आहे आणि यंत्रसामग्रीसाठी घेतलेलं मुदत कर्ज २५० कोटी. सप्टेंबरअखेर मालतारण कर्ज १०० कोटी. एकूण ३५०, म्हणजे प्रमाण ०.३५, आणि कंपनी अटीत बसली. मार्चअखेर तेच मालतारण कर्ज ८०० कोटी. एकूण १,०५०, प्रमाण १.०५, आणि कंपनी बाहेर. धंदा तोच आहे, व्यवस्थापन तेच आहे, कुणी काही बिघडवलेलं नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आपली यादी या कारखान्याला कमी कर्जाचा म्हणते, कारण तिच्याकडे सप्टेंबरचा ताळेबंद आहे; आणि नेमक्या त्याच महिन्यांत कारखाना वर्षातलं सगळ्यात जास्त कर्ज वाहत असतो. मेअखेर मार्चचा ताळेबंद आला की यादी त्याला काढून टाकते, आणि तेव्हापासून त्याचं कर्ज रोज कमी होत जातं. वर्षभर यादी बरोबर उलट बोलते.

हंगामी धंद्यात गेल्या दोन ताळेबंदांपैकी मोठं प्रमाण धरावं असं मी ठरवलं आहे. सरासरीही चालेल, पण कर्जाच्या बाबतीत मला वाईट दिवसाचा आकडा पाहायचा असतो. मधल्या काळासाठी आणखी एक धागा हाती असतो. ताळेबंद सहा महिन्यांनी येत असला, तरी व्याजाचा खर्च प्रत्येक तिमाहीच्या नफा-तोटा पत्रकात येतोच. डिसेंबरच्या तिमाहीत कुठल्या कंपनीचं व्याज गेल्या वर्षीच्या डिसेंबरपेक्षा दीडपट झालं असेल आणि व्याजदर फारसे हलले नसतील, तर कर्ज वाढलं आहे हे मेपर्यंत न थांबता कळतं. तुलना मात्र त्याच तिमाहीशी करायची, आधीच्या तिमाहीशी नाही. साखरेच्या धंद्यात ऑक्टोबरपासून व्याज चढणारच. ज्या कंपन्यांचे रोखे बाजारात नोंदलेले आहेत त्यांना कर्जाचं प्रमाण आणि व्याज फेडण्याची क्षमता दाखवणारी गुणोत्तरं प्रत्येक तिमाहीत जाहीर करावी लागतात. तेवढ्यांपुरता तरी डिसेंबरचा खरा आकडा मिळतो आणि तो ताळेबंदाच्या आकड्याऐवजी वापरावा.

कर्ज म्हणजे काय धरायचं, यावरही दोन माहितीस्रोतांचे आकडे जुळत नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून भाडेपट्ट्याची पुढच्या वर्षांची देणी ताळेबंदात देणी म्हणून दाखवावी लागतात. दुकानांच्या साखळ्या, चित्रपटगृहं, विमान कंपन्या यांच्या बाबतीत ही रक्कम बँकेच्या कर्जाहून मोठी असू शकते. एक स्रोत ती कर्जात धरतो, दुसरा धरत नाही. दोन्ही आपापल्या परीने बरोबर आहेत. आपण एक ठरवून सगळ्यांना तेच लावायचं. बँका आणि वित्त कंपन्या तर या यादीतून आधीच वगळाव्यात. ठेवी घेणं आणि कर्ज काढून कर्ज देणं हाच त्यांचा धंदा असल्याने निम्म्याची अट त्यांना लागूच होत नाही.

आकडे आणून देणाऱ्या स्रोताची एककंही तपासावीत. याहू फायनान्सवरून पायथॉनमध्ये येणारा `debtToEquity` टक्क्यांत असतो, ०.३५ तिथे ३५ म्हणून येतो. त्यावर ०.५ पेक्षा कमी अशी अट लावली की जवळजवळ बिनकर्जाच्या कंपन्याच उरतात, आणि यादी छोटी पण अगदी सोज्वळ दिसते. कुणाला शंकाही येत नाही.

रिकाम्या जागांचं तसंच आहे. जूनच्या निकालात ताळेबंद नाही, म्हणून कर्जाचा रकाना रिकामा येतो. प्रोग्रामने रिकाम्या जागी शून्य भरलं तर ऑगस्टमध्ये सगळा बाजार कर्जमुक्त होतो. काहीच भरलं नाही तर पायथॉनची तुलना रिकाम्या जागेला ‘नाही’ म्हणते आणि सगळा बाजार यादीतून बाद होतो. बरोबर उत्तर एकच: मार्चचा आकडा पुढे आणायचा आणि त्याच्यासोबत मार्चची तारीखही आणायची.

शून्याहून वाईट म्हणजे उणे. मार्च २०२४ अखेर व्होडाफोन आयडियावर दोन लाख कोटींहून अधिक देणं होतं, कंपनी तोट्यात होती आणि साठत गेलेल्या तोट्याने तिचं नक्त मूल्य सुमारे एक लाख कोटींनी उणे झालेलं होतं. तोटा म्हणून पी/ई उणे, म्हणजे १५ पेक्षा कमी. नक्त मूल्य उणे म्हणून कर्जाचं प्रमाणही उणे, सुमारे उणे दोन, म्हणजे ०.५ पेक्षा कमी. यादी चढत्या क्रमाने लावली तर देशातल्या सर्वांत कर्जबाजारी कंपन्यांपैकी एक तिच्यात वरच्या ओळींत दिसते. म्हणून अट दोन बाजूंनी बांधावी लागते:

```python
ok = df[(df.pe > 0) & (df.pe < 15) &
        (df.equity > 0) & (df.debt / df.equity < 0.5)]
```

प्रोग्राम बंद पडला तर कळतं. तो चुकीचा चालला तर कळत नाही. त्यासाठी रोजच्या यादीच्या वर मी चार गोष्टी छापून घेतो. काल किती नावं होती आणि आज किती आहेत. नवी कोणती आली आणि त्यांच्या बाबतीत काय बदललं: भाव, नफा की कर्ज. ज्यांची शेवटची तिमाही सक्तीची तारीख उलटूनही नवी झालेली नाही अशा कंपन्या किती. आणि सगळ्यात जुना ताळेबंद किती दिवसांचा. निकालांचा हंगाम नसताना एका रात्रीत यादीत तीस नावं वाढली, तर बाजार कोसळलेला असतो किंवा एखादा रकाना रिकामा आलेला असतो, आणि कोणतं ते पेपरात पाहून कळतं. एकच नाव नवं आलं आणि त्याचा फक्त भाव निम्मा झालेला असला, तर बोनस किंवा शेअरचं विभाजन.

निकाल जाहीर झाल्याची तारीख साठवण्याचा खरा उपयोग मागचा हिशेब तपासताना होतो. ‘या दोन अटींनी गेल्या पाच वर्षांत किती परतावा दिला असता?’ असा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि तो तपासताना बहुतेक जण ३० सप्टेंबरच्या आकड्यांवर १ ऑक्टोबरला शेअर घेतात. त्या दिवशी ते आकडे कंपनीबाहेर कुणालाच माहीत नसतात. काही कंपन्यांचे तर १४ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत नसतात. मधल्या सहा आठवड्यांत चांगल्या निकालाच्या कुणकुणीने भाव चढलेला असतो आणि तो सगळा फायदा आपण स्वतःच्या खात्यावर जमा करून घेतो. शिवाय मार्च तिमाहीचा आकडा बहुधा वर्षाच्या लेखापरीक्षित आकड्यातून पहिल्या नऊ महिन्यांचा आकडा वजा करून काढलेला असतो, त्यामुळे वर्षभरातल्या दुरुस्त्या त्या एका तिमाहीत जमा होतात. नंतर सुधारलेला आकडाच आपल्याकडे असेल, तर त्या दिवशी बाजाराला जे दिसलं ते आपल्याला दिसतच नाही. तक्त्यात `announced_on` हा रकाना असेल आणि जुन्या ओळी पुसलेल्या नसतील, तर निकाल जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवसाच्या भावाने हिशेब मांडता येतो. तसा मांडला की परतावा कमी निघतो, आणि तोच आकडा धरून पैसे गुंतवायचे की नाही ते ठरवता येतं.